गार पाणी कशासाठी?

*मी २७ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात सायकियाट्रिस्टनी मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे असं सांगितलं. नवऱ्याने मेसेजला उत्तर द्यायला दोन तास लावले, की मला खात्रीच वाटते की हा आता मला सोडणार. मग मी फोनवर फोन करते, तोंडाला येईल ते बोलते, आणि तो चिडला की स्वतःला इजा करून घेते. तासाभराने माझीच मला लाज वाटते. आई म्हणते, “लहानपणापासून तुझं सगळं असंच, नाटकी.” आता डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, सुरू केली आहे, तर थेरपिस्टनी पहिल्याच आठवड्यात गार पाण्यात तोंड बुडवायला सांगितलं. आयुष्यभराचं दुखणं गार पाण्याने जाणार आहे का? आणि हे माझ्यात आलं कुठून? चूक माझी की आईची?*

नाही, गार पाण्याने आयुष्यभराचं दुखणं जाणार नाही, आणि तुमच्या थेरपिस्टचाही तसा दावा नसणार. ते पाणी दुखण्यासाठी नाहीच. उत्तर न येणं आणि तुम्ही स्वतःला इजा करून घेणं, या दोन गोष्टींच्या मधे जो अर्धा-पाऊण तास असतो, तेवढ्यासाठी ते आहे. तो अर्धा तास इतका महत्त्वाचा का, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इजा करताना मरून जावंसं वाटत असेल, किंवा ती इजा पूर्वीपेक्षा गंभीर होत चालली असेल, तर हे थेरपिस्टना पुढच्या भेटीत नाही, आजच कळवा. ते भेटत नसतील तर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा आणि कुणालातरी सोबत घ्या. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

बॉर्डरलाइनच्या निदानासाठी नऊ लक्षणांची यादी असते आणि त्यांपैकी किमान पाच लागतात. सोडून दिलं जाण्याची भीती, टोकाला जाणारी नाती, स्वतःबद्दलची सतत बदलणारी कल्पना, आतला रिकामेपणा, स्वतःला इजा करणं, न आवरणारा राग ही त्यांतली काही. नवातली कुठलीही पाच चालत असल्यामुळे हे निदान झालेल्या दोन माणसांत फक्त एकच लक्षण सामायिक असणंही शक्य आहे. म्हणून इंटरनेटवर दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचून “मी अशीच होणार” असं ठरवू नका. तुमच्या पत्रातल्या एका तपशिलाकडे मात्र माझं लक्ष गेलं: तुमची भावना तासांत चढते आणि तासांत उतरते. बॉर्डरलाइनमधे भावनांची उलथापालथ बहुधा काही तासांची असते, क्वचितच काही दिवसांहून जास्त टिकते, आणि ती बहुतेक वेळा नात्यातल्या एखाद्या घटनेने सुरू होते. बायपोलर आजारातले चढउतार याहून बरेच लांबतात. हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे, कारण तासांत उतरणारी गोष्ट तेवढे तास निभावून नेता येते.

आता हे आलं कुठून. डीबीटी ज्यांनी घडवली त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी १९९३ साली आपल्या ग्रंथात याचं जे स्पष्टीकरण मांडलं, त्याला बायोसोशल सिद्धांत म्हणतात. त्यात दोन बाजू आहेत आणि दोन्ही एकमेकींना घडवत जातात.

पहिली बाजू शरीराची. काही मुलं जन्मतःच भावनेच्या बाबतीत वेगळी असतात. दुसऱ्यांच्या लक्षातही येणार नाही अशा गोष्टीने ती हलतात, हलली की जोरात हलतात, आणि पूर्वीच्या पातळीवर यायला त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. हा तिसरा गुण सगळ्यांत कमी चर्चिला जातो, पण मला तो सगळ्यांत घातक वाटतो. एक सर ओसरायच्या आत दुसरी कोसळली की ओढ्याला पूर येतो, तसं इथे होतं. नवऱ्याचं उत्तर आलं नाही ही पहिली सर. ती अजून उतरलेली नसते तोवर तुम्ही फोन करता, तो वैतागून बोलतो, ही दुसरी. तिच्यावर तुमची स्वतःचीच लाज ही तिसरी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा मेसेजवरून एवढं? पण तुम्ही एकट्या मेसेजवर प्रतिक्रिया देत नसता, साचलेल्या सगळ्यावर देत असता. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारात अनुवंशाचा वाटा दिसून आला आहे, म्हणजे हा स्वभाव तुम्ही ठरवून घेतलेला नाही. हेही सांगते की हे तिन्ही गुण प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत सारख्या स्पष्टपणे सापडलेले नाहीत. काही अभ्यासांत दिसतात, काहींत नाही. सिद्धांत उपयोगी आहे, पण तो शेवटचा शब्द नाही.

दुसरी बाजू भोवतालच्या माणसांची. लिनहान यांनी भावना अमान्य करणाऱ्या वातावरणाबद्दल लिहिलं आहे. मूल म्हणतं “मला भीती वाटते”, आणि त्याला ऐकू येतं “भीती वाटण्यासारखं काय आहे त्यात?” मूल म्हणतं “जमत नाही”, त्याला उत्तर मिळतं “मनावर घेतलं तर सगळं जमतं.” हे एकदा-दोनदा सगळ्याच घरांत होतं. रोज होत राहिलं तर मूल दोन गोष्टी शिकतं. एक, आपल्याला आत जे वाटतं ते खरं की खोटं हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं, आणि मग स्वतःची ओळखच दुसऱ्याच्या हातात जाते. दुसरी गोष्ट अधिक नकळत होते. हळू आवाजातल्या रडण्याकडे कुणी बघत नाही, पण मूल आकांत करू लागलं की सगळे धावत येतात. तेही दर वेळी नाही, कधीमधी. आणि कधीमधी मिळणाऱ्या प्रतिसादाने लागलेली सवय सगळ्यांत चिवट असते, हे वर्तनशास्त्रातलं जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे.

तुमच्या आईला जे “नाटक” दिसतं, त्याचा उगम मला इथे दिसतो. नाटक करणाऱ्याला आपण करतोय हे माहीत असतं. तुम्ही तर लहान आवाजात बोलून बघितलंच असणार, त्याला उत्तर आलं नाही, म्हणून आवाज वाढत गेला. हे ठरवून केलेलं नसतं. ते शिकलं गेलेलं असतं, आणि शिकलेलं बदलता येतं.

मग आईची चूक? तुम्हाला हवं तसं उत्तर मी देणार नाही. काही घरांत खरोखर मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेला असतो. तो या वातावरणाचा सर्वांत भीषण प्रकार आहे, आणि तिथे जबाबदारी कुणाची याबद्दल शंका नको. पण पुष्कळ घरांत तसं काही घडलेलं नसतं. शांत प्रकृतीच्या आई-वडिलांच्या पोटी अतिसंवेदनशील मूल येतं. स्वतःला जे सहज जमतं तेच ते मुलाला करायला सांगतात आणि मुलाला ते जमत नाही. मूल जास्त रडतं म्हणून ते जास्त झटकून टाकतात, आणि ते झटकतात म्हणून मूल आणखी रडतं. अशा फेऱ्यात सुरुवात कुणी केली हे शोधून हाती काही लागत नाही. तुमच्या घरात यातलं काय घडलं ते पत्रावरून मला ठरवता येणार नाही. थेरपिस्टबरोबर ते सावकाश बघा.

आता पुन्हा त्या अर्ध्या तासाकडे. आत्महत्येचे वारंवार प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर लिनहान उपचार करत होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फक्त “बदला” म्हटलं तर या स्त्रियांना तेच जुनं झटकून टाकणं जाणवतं आणि त्या थेरपी सोडतात. फक्त “तुमचं दुःख मला समजतं” म्हटलं तर दुःख तसंच राहतं आणि त्यांना वाटतं, हिला माझी निकड कळलीच नाही. म्हणून स्वीकार आणि बदल दोन्ही एकाच वेळी करायचे, असं त्यांनी ठरवलं. डायलेक्टिकल या शब्दाचा अर्थ एवढाच. पुढे या थेरपीतली कौशल्यं चार गटांत मांडली गेली: सजगता, भावनांचं नियमन, नात्यांत नीट बोलणं-मागणं, आणि त्रास सोसून निभावणं. तुमचं गार पाणी या शेवटच्या गटातलं आहे. या गटाचं उद्दिष्ट मुद्दाम लहान ठेवलेलं आहे: प्रश्न सुटला नाही तरी चालेल, बरं वाटलं नाही तरी चालेल, पण या घडीला आणखी बिघडेल असं काही करायचं नाही.

एक संध्याकाळ घेऊन बघू. समजा सात वाजता तुम्ही मेसेज पाठवला. पावणेआठ झाले, त्याने वाचलाय पण उत्तर नाही. छातीत धडधड, हात गार, डोक्यात एकच वाक्य: हा जाणार. शंभरपैकी किती त्रास होतोय असं स्वतःला विचारलंत तर पंच्याऐंशी. या पातळीला विचार करून शांत होता येत नाही. “तो कामात असेल” हे वाक्य तुम्हालाही माहीत असतं, पण पंच्याऐंशीला ते पोचतच नाही. म्हणून सुरुवात शरीरापासून.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मोठ्या भांड्यात गार पाणी घ्यायचं. गार म्हणजे चांगलं थंड, पण बर्फासारखं नको, साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. पुढे वाकून, श्वास रोखून, डोळे आणि गालांचा वरचा भाग बुडेल असा चेहरा पाण्यात पंधरा ते तीस सेकंद ठेवायचा. भांडं नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ डोळ्यांवर आणि गालांवर धरून, श्वास रोखून, तसंच पुढे वाकायचं. पाण्यात बुडी मारली की सस्तन प्राण्यांच्या शरीरात एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. गार पाणी चेहऱ्याला लागणं आणि श्वास रोखलेला असणं, या दोन्हींनी ती जागी होते. नुसतं तोंडावर पाणी मारून फारसं काही होत नाही ते यामुळे. मात्र हृदयाचा आजार असेल, ठोके मुळातच मंद असतील, ठोके मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील किंवा खाण्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, काही मिनिटं. खूपजण इथेच फसतात. पंच्याऐंशीचे साठ झाले की हुश्श करून फोन हातात घेतात, आणि पाच मिनिटांत परत ऐंशीला. मिळालेली ती मिनिटं पुढचं पाऊल टाकण्यासाठी वापरायची असतात. ते पाऊल म्हणजे श्वास: आत घ्यायला पाच आकडे, बाहेर सोडायला सात. मिनिटाला पाच-सहा श्वास होतील इतका सावकाश. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, मुख्य मुद्दा तो. दहा मिनिटं हे करा. बसवतच नसेल तर आधी वीस मिनिटं दमेपर्यंत भराभर चाला किंवा जिने चढा-उतरा, आणि मग श्वासाकडे या.

आता समजा पन्नासला आलात. इथे एक कागद कामाला येतो, पण तो शांत दिवशी लिहून ठेवलेला हवा. त्यावर चार चौकटी असतात: आवेगाप्रमाणे वागण्याचे फायदे, त्याचे तोटे, आवेग रोखण्याचे फायदे, त्याचे तोटे. पहिली चौकट प्रामाणिकपणे भरा. स्वतःला इजा केल्यावर तुम्हाला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटत असणार, आणि तो फायदा खरा आहे. तो कागदावर लिहिला नाही तर ऐन वेळी तुमचं मन म्हणेल, “यात खरं काय ते लिहिलंच नाही”, आणि कागद बाजूला पडेल. तोट्यांत सर्वसाधारण काही लिहू नका. “वाईट आहे” असं लिहून उपयोग नाही. “तासाभराने मला लाज वाटते, तो दोन दिवस गप्प राहतो, आणि मला पुन्हा तो जाण्याची भीती वाटते” असं लिहा. यातलं बरंचसं तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलं आहे, फक्त ते त्या घडीला डोळ्यांसमोर हवं.

मग उरलेला वेळ घालवायचा. लक्ष वेधून घेईल असं हाताचं काम, कुणाशी तरी दुसऱ्याच विषयावर बोलणं, आवडत्या वासाचा साबण घेऊन अंघोळ, काहीही. आणि त्या वेळात एकच वाक्य मान्य करायचा प्रयत्न: त्याने उत्तर दिलेलं नाही आणि का ते मला माहीत नाही. वस्तुस्थितीचा स्वीकार म्हणतात तो हाच. यात त्याचं वागणं बरोबर आहे असं तुम्ही म्हणत नाही. फक्त जे आहे त्याच्याशी भांडणं थांबवता. हे एकदा करून होत नाही, मन दर दोन मिनिटांनी परत वळतं आणि दर वेळी ते परत आणावं लागतं.

नऊ वाजता त्याचं उत्तर आलं आणि तुम्ही चाळीसला आहात. आता बोला. “उशीर झाला की मला फार भीती वाटते, ‘नंतर बोलतो’ एवढं तरी पाठवत जा” असं मागणं चाळीसला जमतं, पंच्याऐंशीला नाही.

हे कुठे बिघडतं तेही सांगते. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे उशिरा सुरुवात करणं. सत्तरच्या वर गेल्यावर नवीन काही आठवत नाही, म्हणून सराव शांत दिवशी, वीस-तीसवर असताना करायचा, म्हणजे हात आपोआप भांड्याकडे जातो. दुसरी चूक म्हणजे “अजून दुखतंय, म्हणजे उपाय चालला नाही” असं मानणं. थेरपीत रोज भरायच्या तुमच्या डायरी कार्डवर आवेग आणि कृती यांचे रकाने वेगळे असतील. आवेग पाचपैकी पाच आणि कृती शून्य, अशी संध्याकाळ पूर्ण यशस्वी आहे, भले ती कितीही वाईट गेलेली असो. लिनहान यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अभ्यासात, एका वर्षाच्या उपचारांत डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांमधे स्वतःला इजा करणं आणि हॉस्पिटलमधले दिवस नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाले, त्या थेरपीतही जास्त टिकल्या. पण नैराश्य आणि निराशेच्या मोजमापात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आधी वागणं सावरतं, मनाला बरं वाटणं मागून येतं, हे या उपचारातलं कठीण सत्य आहे आणि ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी चूक उलट्या दिशेची, आणि हुशार माणसं ती करतात: प्रत्येक गोष्टीवर गार पाणी. नवरा खरोखरच तुम्हाला धमकावत असेल, अपमान करत असेल, तर तिथे निभावून नेणं हा उपाय नाही. तो प्रश्न सोडवायचा आहे, गरज पडली तर त्या परिस्थितीतून बाहेर पडायचं आहे. तीच तीच आणीबाणी दर आठवड्याला येत असेल, तर थेरपिस्टबरोबर एका प्रसंगाची साखळी कडीकडीने मांडा: त्या दिवशी झोप किती झाली होती, मेसेज पाठवण्याआधी काय घडलं होतं, पहिला विचार कुठला, शरीरात पहिलं काय जाणवलं, आणि तुम्ही कुठल्या कडीला थांबू शकला असता.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी थोडक्यात सांगते: खास बॉर्डरलाइनसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत नैराश्य किंवा झोपेची तक्रार असेल तर त्यावर गोळ्या दिल्या जातात. चालू असतील त्या आपल्या मनाने बंद करू नका.

आईशी बोलायचं असेल तर चूक कुणाची या वाटेने जाऊ नका. एवढंच मागा, की तुम्ही हळू आवाजात “आज मला जड जातंय” म्हणालात तर त्याच वेळी दोन मिनिटं ऐकून घ्यायचं, उपदेश नको. नवऱ्यालाही हेच सांगा. लहान आवाजाला उत्तर मिळू लागलं की मोठ्या आवाजाची गरज कमी होते. पूर्ण स्वरूपातल्या डीबीटीत थेरपिस्टला दोन भेटींच्या मधे फोन करण्याची सोय असते ती याच कारणाने. फोन इजा करण्याआधी करायचा असतो. इजा झाल्यानंतरचे चोवीस तास ठरलेल्या भेटीशिवाय थेरपिस्ट फोनवर बोलत नाहीत, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. ऐकायला हे कठोर वाटेल, पण आधी आकांत आणि मग माणसं धावून येणार, हा जुना क्रम त्यामुळे उलटा होतो: मदत आधी, आवेग अजून पन्नाससाठवर असतानाच.

तुमच्या थेरपिस्टकडे ही सोय आहे का हे पत्रात लिहिलेलं नाही. पुढच्या भेटीत नक्की विचारा: फोन कधी करायचा, रात्री किती वाजेपर्यंत चालेल, आणि त्यांनी उचलला नाही तर कुणाला लावायचा. ते उत्तर त्या चार चौकटींच्या कागदावरच, सगळ्यांत वर लिहून ठेवा.